येलालो

आमच्या लातूरच्या मित्राला वाढदिवस तीन. दाखल्यावरचा १ जून १९७२, मायच्या तोंडचा येळवशीचा, आणि पंचांग उलटंपालटं करून आम्ही शोधून काढलेला ४ जानेवारी १९७३. त्यातला पहिला कुणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. आमच्या पिढीपर्यंत मराठवाड्यातल्या खेड्यात शाळेत नाव घातलेल्यांना हे सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का, ते गुरुजी बघायचे. लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्मतारीख १ जून. म्हणून तर आमच्याकडे ३१ मेला हारांचा भाव वाढतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस नियमाने आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, आणि एक जूनवाले सगळे एकदमच निघतात.

हा मित्र मात्र एक जूनच्या शुभेच्छा घेत नाही. "ती तारीख गुरुजीची हाय," म्हणतो. त्याची माय सांगते ते एवढंच, की दुष्काळाच्या साली, येळवशीला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जातं. स्थानिक सुट्टी असते, दुकानं बंद, एरवी सोळा रस्त्यांची गर्दी पोटात घेणाऱ्या गंजगोलाईत क्रिकेट खेळता येईल इतकी शांतता. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला ओढून नेतो. १९७२ च्या दुष्काळातली ती अमावस्या ४ जानेवारी १९७३ ला, गुरुवारी पडली होती. आणि तिथीने त्याची पन्नाशी भरत होती ती २०२२ च्या येळवशीला, म्हणजे २३ डिसेंबरला, शुक्रवारी. पन्नाशीला व्हिडिओ करायचा असं आमच्यात ठरलं. आमच्यात म्हणजे विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या वसतिगृहाच्या एका खोलीत जे पाच जण चार वर्षं राहिले त्यांच्यात. एक देगलूरचा, एक उदगीरचा, एक परभणीचा (तो आता जर्मनीत), मी नांदेडचा आणि वाढदिवसवाला लातूरचा. ठरलं म्हणजे इतर तिघांनी मला सांगितलं, "तू मराठीचा माणूस, तू लिही." इंजिनीअर होऊन वर्तमानपत्रात अधूनमधून लिहितो, एवढ्या भांडवलावर मी मराठीचा माणूस ठरलो होतो.

मी रात्री जागून चार पानं लिहिली. सुरुवातीला गोदावरीचा संथ प्रवाह, मग काळेश्वराच्या देवळाची घंटा, मग माझा आवाज: काळ कसा सरतो वगैरे. लेकीला वाचून दाखवलं. ती व्हिडिओ जोडण्याचं काम करते, पुण्यात लग्नाचे वगैरे. तिने मोबाइलमध्ये घड्याळ लावलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. गोदावरी संपेपर्यंत एक मिनिट दहा सेकंद झाले होते.

"बाबा, अजून काका आलेच नाहीत," ती म्हणाली.

तिचा हिशेब साधा होता. खणखणीत, सावकाश मराठी बोललं तर सेकंदाला दोन शब्द होतात. दहा सेकंदांच्या तुकड्यात वीस शब्द बसतात, पंचवीस कोंबले तर माणूस बातम्या वाचल्यासारखा वाटतो. घरच्या व्हिडिओला लोक तीन-साडेतीन मिनिटं बघतात. त्यापुढे ज्याचा वाढदिवस तोही जेवणाकडे बघायला लागतो. म्हणजे माझ्याजवळ एकूण चारशे शब्द, तेही पाच-सात तोंडांत वाटायचे. तिने एका कोऱ्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'दिसतं', उजवीकडे 'ऐकू येतं', आणि कडेला सेकंद. म्हणाली, जे डावीकडे दिसतं ते उजवीकडे सांगायचं नाही. या एका अटीने माझी साडेतीन पानं गेली. नदी दिसत असताना 'ही आपली गोदावरी' म्हणणारा माणूस मीच होतो.

मग मी सगळ्यांना निरोप धाडला: 'वाढदिवसानिमित्त छोटा व्हिडिओ पाठवा.' आठ दिवसांत अकरा तुकडे आले. त्यांतल्या नऊ जणांनी दाराच्या पडद्यासमोर उभं राहून, हात पुढे बांधून, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, उदंड आयुष्य लाभो, आई तुळजाभवानीच्या चरणी प्रार्थना' असं म्हटलं होतं. चौकातल्या फ्लेक्सवरचा मजकूर नऊ वेळा ऐकल्यासारखं झालं. यात दोष त्यांचा नव्हता. 'काहीतरी बोल' म्हटल्यावर माणूस जे बोलतो तेच ते बोलले. कॅमेऱ्यापुढे सगळेच थोडे आमदार होतात.

दुसऱ्या वेळी प्रत्येकाला वेगळा निरोप गेला आणि तो लेकीने लिहिला. त्यात शुभेच्छा हा शब्दच नव्हता. उदगीरवाल्याला: 'काका, तुम्ही मेसमध्ये त्यांच्या ताटातलं काय पळवायचात? तेच हातात घेऊन उभे राहा, बोलू नका.' देगलूरवाल्याला: 'सायकलची घंटी कुठं असेल तर वाजवून पाठवा.' आणि सगळ्यांना खाली तीन अटी: फोन आडवा धरा, खिडकीकडे तोंड करून उभे राहा, पाठ करून नको, आणि बोलण्याआधी दोन सेकंद व नंतर दोन सेकंद गप्प राहा. ही शेवटची अट मला उगीच वाटली होती. जोडायला बसल्यावर कळली. लोक बटण दाबता दाबता बोलायला लागतात आणि शेवटचं अक्षर तोंडात असतानाच बंद करायला फोनकडे झेपावतात. असा तुकडा कापायला दोन्हीकडून धारच नसते.

चौथी अट पाठवायची कशी त्याची. व्हॉट्सॲपवर गॅलरीतून उचलून पाठवला की व्हिडिओ पिळून निघतो. पाठवताना 'Document' निवडलं तर जसा आहे तसा येतो. पिळून आलेला ओळखायचा कसा, तर वजनावरून. आजच्या फोनचा दहा सेकंदांचा तुकडा दहा-वीस एमबी तरी भरतो. तोच दीड-दोन एमबीचा होऊन आला तर समजायचं की दुधात पाणी पडलं. फोनच्या पडद्यावर फरक दिसत नाही, मोठ्या पडद्यावर माणसाच्या मिशा वितळलेल्या दिसतात. जर्मनीवाल्याने अट पाळली, तरी त्याच्या तुकड्यात माझ्या जुन्या लॅपटॉपवर आवाज यायचा आणि चित्र काळं. मी म्हटलं, तिकडं हिवाळ्यात उजेड कमीच असतो. लेकीने हसून सांगितलं की आयफोन नव्या पद्धतीने बांधणी करतो, जुन्या यंत्राला ती गाठ सोडता येत नाही. त्यांनी फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'Most Compatible' निवडून पुन्हा काढावा. त्याने पुन्हा काढला. या वेळी चित्र दिसलं.

आता खरी अडचण. आमच्या पाच जणांत चाळीसेक गमती असतील आणि त्यांतली एकही बाहेरच्याला सांगता येत नाही. लेक म्हणाली, "सांगा ना एखादी." मी सायकलची सांगितली. १९९२ साल, काळेश्वराहून परत येताना उतारावर सायकलला ब्रेक नाही. पुढे हा, मागे कॅरिअरवर देगलूरवाला. ब्रेक नाही म्हणून हा घंटी वाजवतोय, उतार संपेपर्यंत अखंड वाजवतोय, आणि शेवटी कडब्याच्या गाडीत सायकल शिरली तेव्हाही कडब्याच्या आतून घंटी चालूच. मी हसून हसून डोळे पुसले. लेक शांत बसली होती. मला सांगायला दीड मिनिट लागलं होतं.

तिथे तिने जे सांगितलं ते मला अजून पटतं. गंमत दोन जातीची असते. एक घटनेची, ती सांगावी लागते. दुसरी सवयीची, ती नुसती दाखवली की पुरते. व्हिडिओ उभा राहतो तो सवयीच्या गमतीवर, कारण ती पाच सेकंदांत होते आणि परत परत होऊ शकते. घटनेच्या गमतीचा एखादाच तुकडा घ्यायचा, तोही सांगायचा नाही. त्यातली एक वस्तू किंवा एक आवाज तेवढा घ्यायचा. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि ज्याला कळत नाही तो शेजारी विचारतो, "हे काय?" मग वाढदिवसवाला स्वतः सांगायला लागतो. आपण दीड मिनिट सांगण्यापेक्षा ते बरं.

सवयीची गंमत आमच्याकडे तयारच होती. खरं तर आमच्या मित्राचं टोपणनावच ते होतं: येलालो. पुणेकरांसाठी सांगतो, नांदेड-लातूरकडे 'येतोय'ला 'येलालो' म्हणतात. करलालो, जेवलालो, निघलालो. व्याकरणात हा चालू काळ. आमच्या मित्राच्या तोंडी मात्र तो भविष्यकाळ, तोही दूरचा. गेटवरून हाक मारली की खोलीतून आवाज यायचा "येलालो!" आणि तेव्हा तो अंथरुणात असायचा. "येलालो" म्हणून त्याने अंघोळ केली आहे, कपडे वाळत घातले आहेत, एकदा तर दाढी अर्धी ठेवून पत्र लिहायला बसला आहे. नांदेड स्टेशनवर त्याच्यासाठी आम्ही किती गाड्या सोडल्या त्याचा हिशेब रेल्वेकडेच असेल. पुढे मोबाइल आला आणि हे दुखणं बळावलं. आता तो लातूरच्या घरातून म्हणतो, "चाकूर सोडलं, येलालो." मागून कुकरची शिट्टी ऐकू येते.

यावरच पान भरलं. व्हिडिओ असा: काळ्या पडद्यावर फक्त आवाज, फोनची रिंग. पाच सेकंद. मग देगलूरवाला लुंगीवर, तोंडात ब्रश, फोन कानाला: "येलालो." सहा सेकंद. मग उदगीरवाला, ताटावर बसलेला, हातात तिसरी भाकरी: "निघालोच, येलालो." मग जर्मनीवाला, बर्फात फावडं घेऊन दार मोकळं करतोय: "येलालो!" मग वहिनी, त्याच्या घरात, त्याच्याच कपाटासमोर, त्याचाच आवाज काढून: "येलालो गं." वहिनींनी तो पहिल्या प्रयत्नात असा काही काढला की लेकीने पुन्हा काढायला सांगितलंच नाही. हे चार तुकडे एकामागून एक, कोणाची प्रस्तावना नाही, कोणाचं नाव खाली लिहिलेलं नाही. ज्याच्यासाठी आहे त्याला नावं ठाऊक आहेत. तिसऱ्यानंतर तो ओळखणार की आता हेच येणार, म्हणून चौथ्याला आवाज त्याचा आणि चेहरा बायकोचा. मग सायकलची घंटी: पडदा काळा, दोन सेकंद नुसतं ट्रिंग ट्रिंग. मग वसतिगृहातले जुने चार फोटो. मग त्याची माय. आणि शेवटी पडद्यावर अक्षरं: 'मागं बघ.' तेव्हा आम्ही तिघे त्याच्या मागे तुरीतून बाहेर यायचं. म्हणजे तीस वर्षांत पहिल्यांदा 'येलालो' म्हणणारे खरोखर आलेले असतील. डिसेंबरात तूर माणसाच्या उंचीची असते, लपायला उत्तम. हे मला सुचलं याचा मला अजून अभिमान आहे, म्हणून सांगून टाकतो.

एक गंमत मात्र गळाली. दुसऱ्या वर्षाला गणितात तो तीनदा अडकला होता आणि त्यावरून आम्ही त्याला एक नाव ठेवलं होतं. ते मला हवंच होतं. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, ते नको. लेकरू बारावीला हाय." लातुरात 'बारावीला हाय' म्हटलं की पुढचं बोलायचं नसतं. घरात टीव्हीला महिनोन्‌महिने फडकं बांधलेलं असतं, पाहुणे चपला हातात घेऊन चालतात. अशा घरात बापाचे मार्क पडद्यावर दाखवणं म्हणजे पोराच्या हातात कोलीत. मला वाटतं, कुठली गंमत घ्यायची नाही हे ठरवायला घरचंच माणूस लागतं. मित्रांचा त्यात भरवसा नसतो. मित्र हसायला बसलेले असतात.

जोडताना आणखी एक गोष्ट शिकलो, आवाजाची. चित्र हललं तर लोक सोडून देतात, आवाज बिघडला तर बघणं सोडतात. देगलूरवाल्याच्या तुकड्यात पंखा, उदगीरवाल्याच्या मागे पिठाची गिरणी, जर्मनीवाल्याच्या मागे इतकी शांतता की एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. तुकडा बदलला की कानाला ठेच लागायची. लेकीने दोन उपाय केले. सगळ्यांखाली बारीक आवाजात पाखरांचा, वाऱ्याचा एकच आवाज पसरला, म्हणजे मधल्या भेगा बुजल्या. आणि पुढच्या माणसाचा आवाज त्याचं तोंड दिसण्याआधी अर्धा सेकंद सोडला. कान आधी पोचतो, डोळा मागून जातो, आणि सांधा लक्षात येत नाही. गाणं तिने फक्त जुन्या फोटोंखाली घेतलं. माणूस बोलत असताना गाणं म्हणजे सभेत बँड, असं तिचं मत आहे. लग्नाच्या व्हिडिओत मात्र ती स्वतः तेच करते. पैसे देणाऱ्यांना तसंच हवं असतं, म्हणे.

राहिली माय. तिचा तुकडा त्याच्या पुतण्याने गावात जाऊन चोरून काढला होता. एक मिनिट पन्नास सेकंद. पहिले चौदा सेकंद ती पदर सारखा करून, हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली आहे. फोटो काढतोय असं तिला वाटलं होतं. मग पुतण्या म्हणतो, "आज्जी, काका कवा जन्मला ते सांग की." मग ती सांगायला लागते. त्या साली पाऊसच नव्हता. रानात पूजेपुरती हिरवी काडी नव्हती, वाळल्या कडब्याचीच कोप केली. घरात ज्वारी नव्हती. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळायची, तिचीच आंबील केली. "तांबडीभडक, बघवना." आंबील ढवळता ढवळता पोटात दुखायला लागलं. मग थोडं थांबून, मधे कोंबडा आरवतो, आणि शेवटी: "लेकराला औक्ष लाभू दे. लवकर घरला येत जा म्हणावं."

मी आणि लेक पान मांडून बसलो होतो. मायला बारा सेकंद ठरलेले. लेक म्हणाली, थोडं वाढवू या. मी म्हणालो, वाढदिवसाला दुष्काळ नको. हसता हसता एकदम मिलो कुठं आणायची? आणि 'लवकर घरला येत जा' हे वाक्य तर जणू आमच्या पानासाठीच म्हटलेलं. येलालोला मायचं उत्तर! मी शेवटचे बारा सेकंद ठेवले. लेखक म्हणून मला तो निर्णय फार नेमका वाटला होता.

सगळं मिळून तीन मिनिटं चाळीस सेकंद झाले. आलेले सगळे तुकडे एकत्र मोजले तर एकेचाळीस मिनिटं होती.

येळवशीच्या दिवशी पहाटे नांदेडहून निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर, मग त्याच्या शेताकडे आत. रस्त्याने डोक्यावर हारे घेतलेल्या बाया, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं. शेतात कोप उभी होती, आत पाच पांडवांचे दगड चुन्याने रंगवलेले, पूजा झालेली, आणि पंगतीची तयारी: भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठभर आंबील. वहिनींनी त्याला कोपीजवळ बसवून ठेवलं होतं. मी आणि देगलूरवाला तुरीत शिरलो.

आता जे झालं ते पानावर नव्हतं. पुतण्याने लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर काहीच दिसेना. भर बारा वाजता उघड्या रानात लॅपटॉपचा पडदा म्हणजे आरसा. त्यात बघणाऱ्याचंच तोंड आणि मागचं आभाळ. उजेड पूर्ण वाढवला तरी तेच. घरी आम्ही तीन वेळा तपासलं होतं, पण दिवाणखान्यात. जिथं दाखवायचं तिथंच, त्याच वेळेला एकदा लावून बघायला हवं होतं. म्हणजे छोटा स्पीकर जोडायची आठवण झाली होती, तशी उन्हाचीही झाली असती. शेवटी वहिनींनी गाडीतून घोंगडी आणली. मित्राने डोक्यावरून घोंगडी घेतली, लॅपटॉप मांडीवर, शेजारी पोरगा, पुतण्या, मागून वहिनी. बाहेरून एक मोठं काळं गाठोडं दिसत होतं आणि त्यातून माझ्या मित्रांचे आवाज येत होते. माय कोपीतून विचारत होती, "काय बघलालेत रे आत?"

पहिल्या येलालोला गाठोडं हललं. दुसऱ्याला आतून शिवी आली, ती इथं देत नाही. वहिनींच्या आवाजाला पोरगा इतका हसला की घोंगडीचं एक टोक सुटलं आणि पुन्हा आरसा झाला. मग घंटी वाजली. पोराने विचारलंच, "बाबा, हे काय?" आणि तो सांगायला लागला. उतार, ब्रेक, कडबा, सगळं, हातवारे करून, घोंगडीत. व्हिडिओ काही त्याच्यासाठी थांबला नाही. जुने फोटो त्याने पाहिलेच नाहीत. लेकीचं म्हणणं खरं ठरलं, तो स्वतः सांगायला लागला, फक्त त्यासाठी पुढे जागा सोडायची आम्ही विसरलो होतो. घंटीनंतर दहा सेकंद काळा पडदा, किंवा व्हिडिओ थांबवायला कुणीतरी हाताशी बसलेलं, यातलं एक काहीतरी हवं होतं.

मायच्या वेळेला मात्र तो गप्प झाला. बारा सेकंद. मग 'मागं बघ.' घोंगडीतून डोकं काढून त्याने मागे बघितलं. आम्ही तुरीतून दोघेच बाहेर आलो. उदगीरवाला आलाच नव्हता. त्याला फोन लावला तर म्हणाला, "येलालो." तो आला तेव्हा आम्ही खीर संपवून आंबिलीवर आलो होतो.

जेवताना वाढदिवसवाला मला हळूच म्हणाला, "मायचं एवढंच होतं का?"

मी म्हणालो, बरंच होतं, कापलं. काय कापलं ते सांगितलं नाही. त्याने मायलाच विचारलं. ती म्हणाली, "काय सांगायचंय त्यात, जेव." आणि त्याच्या वाटीत आणखी आंबील ओतली, पांढरीशुभ्र.

रात्री नांदेडला पोचल्यावर मी त्याला तो अख्खा तुकडा पाठवला, 'Document' म्हणून, पदर सारखा करण्यापासून कोंबड्यासकट. दीड वाजता त्याचा निरोप आला: 'मिलोची आंबील मला म्हाईत नव्हती.' लेकीने तोवर कापलेले सगळे तुकडे फोनमधून पुसायला घेतले होते, तिला थांबवलं. सदतीस मिनिटं वीस सेकंद शिल्लक आहेत, ती आता एका पेनड्राइव्हवर आहेत. मायचा तुकडा त्याच्या फोनमध्ये आहे. आमचा व्हिडिओ त्याने अजून मागितलेला नाही.